लालबागच्या गर्दीतून १८ जीबी व्हिडिओ फोनमधून लॅपटॉपवर: माझा अनुभव

गणपतीत लालबाग-परळ भागात संध्याकाळनंतर मोबाइलचं नेट जवळपास बसतंच. पण मंडळाच्या देखाव्याचं शूटिंग त्याच रात्री एडिटरच्या लॅपटॉपवर जायला हवं असतं. फोरके व्हिडिओ मिनिटाला साधारण साडेतीनशे एमबी खातो, म्हणजे पाऊण-एक तासाचं शूटिंग १८ जीबीच्या घरात. ब्लूटूथ इथे कामाचं नाही. सेकंदाला दोनशे केबी धरले तरी एवढ्याला दिवस उलटून जाईल.

आम्ही फोनचा हॉटस्पॉट आणि `LocalSend` वापरतो. हे अ‍ॅप मोफत आहे आणि अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं. मात्र ते दोन्हीकडे आधीच टाकून ठेवावं लागतं. मांडवात पोचल्यावर डाउनलोड करू म्हटलं तर तिथेच अडकाल.

हॉटस्पॉट चालू करण्याआधी मोबाइल डेटा बंद करतो. अँड्रॉइडच्या हॉटस्पॉटला इंटरनेट लागत नाही, आणि डेटा चालू राहिला तर जोडलेला लॅपटॉप त्यातूनच विंडोजचे अपडेट ओढायला लागतो. हॉटस्पॉट त्याच फोनचा हवा ज्यात फाइल आहे. तिसऱ्याच कुणाच्या फोनचा घेतला तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, एकदा त्या फोनकडे आणि तिथून लॅपटॉपकडे. वेग निम्म्यावर येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बघायचा. बरेच फोन जुनी उपकरणं जोडली जावीत म्हणून २.४ गिगाहर्ट्झवर असतात. चाळींच्या, दुकानांच्या वायफायने आणि शेकडो फोनांच्या ब्लूटूथने हाच पट्टा भरलेला असतो. तिथे सेकंदाला तीन-चार एमबी मिळाले तरी नशीब, म्हणजे १८ जीबीला सव्वा तासाच्या वर. ५ गिगाहर्ट्झवर टाकलं की दोन अँटेनांचा बऱ्यापैकी लॅपटॉप असेल तर ४० एमबीच्या आसपास मिळतात, आणि तेच काम आठेक मिनिटांत उरकतं. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे फारसं टिकत नाही, म्हणून फोन आणि लॅपटॉप एकाच टेबलावर ठेवावेत. बँड बदलल्यावर लॅपटॉपला हॉटस्पॉट दिसेनासाच झाला तर त्याचं वायफाय कार्ड फक्त २.४ चं आहे. मग जास्त वेळ धरून चालण्याखेरीज इलाज नाही.

खरंच ५ वर जोडलंय का, हे अंदाजाने ठरवू नये. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
netsh wlan show interfaces
```

`Channel` समोर १ ते १३ असेल तर २.४, ३६ किंवा त्याहून पुढचा आकडा असेल तर ५.

दुसरी अडचण फायरवॉलची. नवीन वायफाय जोडलं की विंडोज त्याला `Public` धरतं आणि बाहेरून येणारी जोडणी अडवतं. फोनवर लॅपटॉप दिसत नाही, किंवा दिसला तरी पाठवल्यावर नुसताच थांबून राहतो. लॅपटॉपकडून फोनकडे मात्र फाइल जाते. असं एकाच दिशेने अडलं की खूण पटली. त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये `Private` निवडायचं आणि अ‍ॅप पुन्हा उघडायचं. तरीही नाव यादीत येत नसेल, तर `ipconfig` ने लॅपटॉपचा आयपी पत्ता बघून तो अ‍ॅपमध्ये हाताने टाकायचा. काही फोनांच्या हॉटस्पॉटवर एकमेकांना शोधण्याचे संदेश पोचत नाहीत, पण पत्ता दिला की पाठवणं व्यवस्थित चालतं.

पाठवताना फोनची स्क्रीन चालू ठेवा आणि चार्जर लावा. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवण्याच्या नादात अँड्रॉइड अ‍ॅपला झोपवतं. मध्येच तुटलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून जाते, म्हणून सगळ्या क्लिप एकदम न टाकता पाच-सहाच्या गटाने पाठवतो. तुटलंच तर नुकसान त्या गटापुरतं राहतं.

लॅपटॉपवर जागा नाही म्हणून एडिटर थेट पेनड्राइव्हमध्ये घेत असेल तर त्याचा फॉरमॅट आधी विचारा. `FAT32` वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. वीस मिनिटांची सलग क्लिप सात जीबीची असते, ती तिथेच अडणार आणि दोष मात्र वायफायला दिला जाणार. ड्राइव्ह `exFAT` हवा. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा रिकामाच ड्राइव्ह घ्या.

फोनमधून क्लिप पुसायची घाई करू नये. आधी दोन्हीकडचे आकार बाइटपर्यंत जुळवायचे, मग प्रत्येक क्लिपचे शेवटचे दहा सेकंद लॅपटॉपवर चालवून बघायचे. अर्धवट आलेली फाइल बऱ्याचदा उघडतच नाही, किंवा सुरुवातीला छान चालली तरी शेवटाला अडकते.