आमची वाटचाल : फळ्यावर न लिहिलेले

२०१४ मध्ये फोंड्याच्या वरच्या बाजारात, एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर, आम्ही दोघांनी काम सुरू केले. लहान हॉटेलांचे आणि गेस्ट हाऊसचे बुकिंग व बिलिंग सांभाळणारे सॉफ्टवेअर, हा आमचा धंदा. तेव्हा भिंतीवर एक पांढरा फळा होता आणि त्यावर रंगीत चिठ्ठ्या. जून लागला की हवेतल्या ओलाव्याने चिठ्ठ्यांचा गोंद सुटायचा आणि सकाळी झाडू मारणाऱ्या मावशी विचारायच्या, "हे कागद ठेवायचे की टाकायचे?" एका पावसाळ्यात म्हापशाच्या गिऱ्हाइकाचे एक काम असेच केरात गेले. ते त्याने फोन केल्यावर आम्हाला आठवले. २०१७ मध्ये तो फळा आम्ही ट्रेलो या ऑनलाइन फळ्यावर नेला, चिठ्ठ्यांची कार्डे झाली. आज आम्ही सहाजण आहोत आणि सगळे काम त्याच फळ्यावरून चालते.

२०२५ च्या सप्टेंबरात, चवथीची सुट्टी संपल्यावर, ८ तारखेच्या सोमवारी एक नवी मुलगी रुजू झाली. डिचोलीहून कदंबाच्या बसने येते. पहिल्या सकाळी मी तिला फळा दाखवला. डावीकडून कॉलम असे : सुचलेले, घ्यायचे, हातात, तपासणी, गिऱ्हाइकाकडे, झाले. दहा मिनिटांत सगळे सांगून झाले. तिनेही मान डोलावली. नावे मराठीत आहेत, त्यात न समजण्यासारखे काय, असे मलाही वाटले.

तिला पहिले कार्ड दिले ते असे : "काणकोण : भाडे ७,५०० पर्यंत, १२ ऐवजी ५ टक्के, २२ सप्टेंबरपासून". ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने हॉटेलच्या खोल्यांचा दर कमी केल्याचे जाहीर केले होते आणि आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे तो बदल करायचा होता. आम्ही नवे काम आधी एकाच गिऱ्हाइकाकडे चालवून बघतो, म्हणून कार्डाच्या सुरुवातीला गावाचे नाव. पूर्वी गिऱ्हाइकागणिक एक रंगीत लेबल होते. एकतीस लेबले झाली, तेव्हा मोरपिशी म्हणजे काणकोण की पेडणे यावरून भांडणे व्हायला लागली. आता गाव शीर्षकात येते आणि लेबले पाचच आहेत : चूक, नवे, पैशांचे, तातडीचे, थांबले. बिलाची रक्कम बदलणाऱ्या कुठल्याही कार्डाला 'पैशांचे' लेबल लागते, आणि ते कार्ड दोघांनी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. 'तातडीचे' एका वेळी एकाच कार्डावर. दुसऱ्यावर लावायचे तर पहिल्यावरचे काढा आणि का काढले ते लिहा. एवढ्या एका अटीने निम्मी तातडी आपोआप निवळली.

मुलगी हुशार. मंगळवारी दुपारी तीन वाजेपर्यंत तिने दर तारखेवरून उचलला जाईल अशी सोय केली, आपल्या मशीनवर बिल काढून पाहिले आणि कार्ड थेट 'झाले'मध्ये ओढले. चूक तिची नव्हती. कार्डाचे काम झालेच होते, तिच्या परीने. पण आमच्याकडे 'झाले'चा अर्थ वेगळा आहे आणि तो मी कुठेही लिहिलेला नव्हता : गिऱ्हाइकाच्या काउंटरवर खऱ्या पाहुण्याचे बिल बरोबर निघाले, म्हणजे झाले. तोवर नाही.

तेव्हा मी खुर्ची ओढून पुन्हा पहिल्यापासून सांगितले, पण या वेळी कॉलमची नावे नाही, तर प्रत्येक कॉलममधून कार्ड बाहेर केव्हा पडते ते. 'घ्यायचे'मध्ये कार्ड येते ते गिऱ्हाइकाने नेमके काय मागितले आणि ते झाल्याचे कसे ओळखायचे हे दोन्ही लिहिलेले असेल तरच. 'हातात'मधून ते निघते ते लिहिणाऱ्याने स्वतः चालवून पाहिल्यावर. 'तपासणी'मधून ते दुसऱ्या माणसाने होकार लिहिला की सुटते. आणि आमच्याकडे कार्ड पुढे ढकलणारा मागच्या कॉलमचा माणूस नसतो, पुढच्या कॉलमचा माणूस ते ओढून घेतो. फक्त 'हातात'मधून 'तपासणी'त स्वतः न्यायचे, कारण तपासणाऱ्या ताईला दिसायला तर हवे.

बुधवारी दुसरी अडचण आली. ऑगस्टमध्ये पूर्ण पैसे भरलेल्या पाहुण्याचा मुक्काम २५ सप्टेंबरला असेल तर दर कुठला? हे आम्ही ठरवायचे नव्हते, सीएंना विचारायचे होते. मुलीने विचारले, "सर, हे कार्ड 'घ्यायचे'मध्ये परत ठेवू का? मी तोवर दुसरे घेते."

इथे आमचा जुना अनुभव आहे. फळ्यावर एके काळी 'थांबलेले' नावाचा वेगळा कॉलम होता. ज्याच्यावर कोणाचे उत्तर यायचे बाकी असायचे, ते कार्ड तिकडे टाकून माणूस दुसरे उचलायचा. दोन महिन्यांत तिथे तेवीस कार्डे साचली. कुठल्या पायरीवर थांबली, कोणाच्या हातातली, काही कळेना. आणि मुख्य म्हणजे कोणालाच त्यांचा त्रास होत नव्हता, कारण ती नजरेआड होती. तो कॉलम मी काढून टाकला. आता कार्ड आहे तिथेच राहते, त्यावर 'थांबले' हे लाल लेबल लागते आणि खाली एक ओळ येते : कोणाचे उत्तर हवे, कधी विचारले, पुन्हा कधी विचारायचे. ते जागाही अडवते. 'हातात'मध्ये एका वेळी चारच कार्डे, हा आमचा नियम आहे आणि थांबलेले कार्ड त्या चारांत धरले जाते. जागा अडली की माणूस फोन करतो. नाही अडली तर करत नाही.

चार का, असे तिने विचारले. कोड लिहिणारे आम्ही तिघे, आता तिच्यासह चार. पूर्वी मर्यादा नव्हती तेव्हा बारा कार्डे अर्धवट असायची आणि आठवड्याला साधारण चार पूर्ण व्हायची, म्हणजे एका कार्डाला सरासरी तीन आठवडे. पूर्ण होण्याचा वेग तोच राहिला आणि अर्धवट कार्डे चार केली, तर एकच आठवडा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेले हे साधे गणित आहे, मी ते फळ्याच्या कोपऱ्यात मार्करने लिहून भागीदाराला पटवले होते. मात्र हे सरासरीचे आहे. एखादे अवघड कार्ड महिनाभर अडू शकते.

"मग मी आत्ता काय करू?" हा तिचा पुढचा प्रश्न. नव्या माणसाला रिकामे बसायची लाज वाटते. सगळ्यात न लिहिलेली सवय इथे लागते : हात मोकळा झाला की फळा उजवीकडून बघायचा. 'गिऱ्हाइकाकडे' काही अडले आहे का, मग 'तपासणी'त काही वाट बघते आहे का, आणि तिथे काहीच नसेल तर 'घ्यायचे'मधले वरचे. 'तपासणी'त दोन कार्डे होती. मुलगी ताईंच्या शेजारी जाऊन बसली आणि दुसऱ्यांचे काम कसे मोडून बघतात हे शिकली. मी दोन तास बोलून ते झाले नसते.

गुरुवारी सीएंचे उत्तर आले : मुक्काम, बिल आणि पैसे या तिन्हींपैकी दोन गोष्टी २२ किंवा त्यानंतरच्या असतील तर नवा दर. त्या पाहुण्याने पैसे आधी दिलेले असले तरी मुक्काम आणि बिल दोन्ही नंतरचे, म्हणून पाच टक्के. लेबल निघाले, कार्ड 'तपासणी'त गेले. ताईंनी बिले काढली. २१ तारखेचे बरोबर. २२ चे ७,४०० चे बरोबर. मग त्यांनी नेमके ७,५०० घातले आणि बिलावर अठरा टक्के आले. मुलीने लिहिले होते :

```
if (tariff < 7500) rate = 5;
```

"पर्यंत" या शब्दात ७,५०० येतात, म्हणून `<=` हवे होते. एका चिन्हाचा फरक. पण काणकोणच्या त्या हॉटेलात नेमके ७,५०० भाड्याच्या चार खोल्या आहेत.

कार्ड परत डावीकडे आले. परत आलेले कार्ड 'हातात'मध्ये सगळ्यात वर ठेवायचे. कार्डे पाच झाली तरी चालते, पण ती चारवर येईपर्यंत कोणी नवे घेत नाही. ताईंनी खाली लिहिले, "७,५०० ला १८ दिसते, २२ तारीख." बस्स. परत पाठवताना काय दिसले तेवढेच लिहायचे, कोणाचे चुकले ते नाही. ही सवय आम्हाला एका चांगल्या मुलाने नोकरी सोडल्यावर लागली.

शुक्रवारी सकाळी दुरुस्ती तपासून झाली. मुलीला ती लगेच काणकोणला चढवायची होती. शुक्रवारी दुपारनंतर आम्ही कुठलेही नवे काम गिऱ्हाइकाकडे चढवत नाही. इतर धंद्यांत शनिवार-रविवार निवांत असतो. आमच्या गिऱ्हाइकांकडे त्याच दिवशी काउंटरवर रांग असते. सकाळी का नाही, असे विचाराल तर सकाळी चढवले की दुपारी फोन करावे लागतात आणि एक ते तीन काउंटरवरचा माणूस जेवून आडवा झालेला असतो. तीही वेळ टाळायची, हे तिला पुढच्या सोमवारी, १५ तारखेला, फोन न उचलला गेल्यावर कळले. साडेतीनला बदल गेला. कार्ड मात्र 'गिऱ्हाइकाकडे'मध्येच राहिले, कारण खरे बिल २२ तारखेलाच निघणार होते. २२ ला सकाळी दहा वाजता काउंटरवरच्या मुलाने बिलाचा फोटो पाठवला. तेव्हा तिने कार्ड 'झाले'मध्ये नेले.

आठवडाभर ती विचारत होती आणि मी उत्तरे देत होतो. एका प्रश्नावर मात्र अडलो. "सर, तातडीचे कार्ड सगळेजण कॉलमच्या तळाला का ठेवतात? वर ठेवले तर आधी दिसेल ना?" ताईंना माहीत नव्हते, भागीदारालाही आठवेना. मी घरी जेवताना आठवत बसलो. जुन्या पांढऱ्या फळ्याच्या वरच्या अंगाला भिंतीवरचा पंखा होता. वरच्या चिठ्ठ्या उडायच्या, म्हणून महत्त्वाची चिठ्ठी आम्ही खाली चिकटवायचो. पंखा २०१७ मध्येच मागे राहिला. चिठ्ठीची जागा आमच्याबरोबर आली.

आता तातडीचे कार्ड वर असते. भागीदार अजून सकाळी आल्यावर आधी तळाकडे बघतो.