फळीचा हिशेब

टेम्पोचा हौदा जमिनीपासून 1 मीटर उंच. खाली 100 किलोची लाकडी पेटी, आणि शेजारी दोन फळ्या, एक 2 मीटरची, दुसरी 4 मीटरची. शाळेच्या पुस्तकातली उतरण अशा वेळी मोठी उदार असते. फळीची लांबी भागिले उंची, की झाला यांत्रिक फायदा! 2 मीटरच्या फळीवर 50 किलोचा जोर पुरायला हवा, 4 मीटरच्या फळीवर 25 किलोचा. पुस्तकात पेटी कुणालाच ढकलायची नसते, म्हणून हे खपून जातं.

खरी पेटी फळीला घासत जाते. कोरड्या लाकडावर लाकूड घासताना घर्षणांक 0.4 च्या आसपास धरायला हरकत नाही. मग फळीच्या दिशेने ढकलताना लहान फळीवर 50 किलोच्या जोडीला घर्षणाचे 35 येतात, एकूण 85. लांब फळीवर 25 आणि 39, म्हणजे 64. फळी दुप्पट लांब केली, पण जोर काही निम्मा झाला नाही, जेमतेम पाव भाग वाचला. आणि त्यासाठी अंतर दुप्पट चालायचं. पेटी सरळ उचलली असती तर 100 किलो गुणिले 1 मीटर एवढंच काम होतं. लहान फळीवर ते 170 होतं, लांब फळीवर 255. कार्यक्षमता 59 टक्क्यांवरून 39 वर येते. फळी कितीही लांबवा, 40 किलोच्या खाली जोर उतरणारच नाही, कारण सपाट जमिनीवरून ही पेटी सरकवायलाच तेवढा लागतो.

उलट्या टोकाची गंमत आणखी न्यारी. फळी आखूड, सव्वा मीटरचीच मिळाली, तर पेटीच्या वजनाचे 80 आणि घर्षणाचे 24 मिळून 104 किलो जोर लागतो. सरळ उचलण्यापेक्षाही जास्त! 45 अंशांच्या वर गेलेली फळी या घर्षणाला निव्वळ शोभेची.

पण घर्षणाला शिव्या देण्याआधी, दमलेला माणूस अर्ध्या चढावर श्वास घ्यायला थांबतो तेव्हा काय होतं ते पाहावं. लांब फळीवर पेटी जागच्या जागी राहते. लहान फळीवर हात सैल पडताच ती खाली यायला लागते. याचा नेमका नियम आहे: फळीची उभी उंची भागिले तिने जमिनीवर व्यापलेलं अंतर, हा आकडा घर्षणांकापेक्षा कमी असेल तर पेटी थांबते. लांब फळीसाठी तो 0.26 येतो, लहान फळीसाठी 0.58. आणि ज्या चढावर पेटी आपोआप थांबते, तिथे कार्यक्षमता नेहमीच 50 टक्क्यांच्या खाली असते. चढवताना जे घर्षण घाम काढतं, तेच मागे पेटी धरून ठेवतं. दोन्हीकडून फायदा मागता येत नाही. गाडी उचलायचा स्क्रू जॅक म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरणच. त्याची कार्यक्षमता निम्म्याहून कमी असणं हा दोष नाही, हँडल सोडल्यावर गाडी वर राहते ती त्यामुळेच.

म्हणून फळीला ग्रीस फासण्याची हुशारी जपून करावी. घर्षणांक 0.1 वर आला तर 3 मीटरच्या फळीवर ढकलण्याचा जोर 71 किलोवरून 43 वर येतो. पण तीच पेटी, जी आधी बिनधास्त थांबत होती, तिला आता नुसती थोपवून धरायलाही 24 किलो जोर लागतो. अशा वेळी एकाने ढकलावं आणि दुसऱ्याने पेटीमागे दगड सरकवत यावं. पेटीच्या खाली, फळीच्या रेषेत, कुणी उभं राहू नये.

घर्षणांक मोजायला उपकरण लागत नाही. रिकामी पेटी फळीवर ठेवा, फळीचं एक टोक हळूहळू उचला. पेटी सुटण्याच्या क्षणी उंची आणि पायाचं अंतर मोजा, भागाकार केला की झालं. हा आकडा सुटतानाचा असतो, सरकत्या पेटीचा थोडा कमी येतो. चढावर मध्येच थांबलेली पेटी पुन्हा हलवणं जड जातं ते यामुळेच.

पहारीचं गणित वेगळं. तिथे घासणं फक्त टेकूपाशी, त्यामुळे घर्षणात फारसं काही जात नाही. जातं ते टेकूच्या बुडण्यात. दीड मीटरची पहार टोकापासून 10 सेंटिमीटरवर टेकवली तर फायदा 14 पट. हात 70 सेंटिमीटर खाली गेला की दगड 5 सेंटिमीटर उचलला जायला हवा. पण भुसभुशीत मातीत टेकूचा दगड 1 सेंटिमीटर रुतला, तर हाताचे 15 सेंटिमीटर तिथेच वाया जातात आणि दगड जेमतेम 4 सेंटिमीटर उठतो. टेकूखाली जाड लोखंडी पत्रा किंवा फळीचा रुंद तुकडा घातला, की हे नुकसान बरंच थांबतं.