आमची वाटचाल: गलाईच्या मुशीपासून खाणीच्या लगडीपर्यंत

आमचं घराणं खानापूर तालुक्यातलं, गलाईचं. आजोबांनी दक्षिणेत दुकान थाटलं. सोन्याची मोड वितळवायची, टंच काढायचा म्हणजे शुद्धता तपासायची, तेजाबात गाळायची, एवढाच धंदा. वडिलांनी तो मुंबईला आणला. मी गाळणं कमी करत आणलं. आता आम्ही आफ्रिकेतल्या छोट्या खाणवाल्यांच्या वतीने रिफायनरीत उभं राहतो आणि त्यांच्या मालाचं वजन, नमुना आणि टंच डोळ्यांदेखत करून घेतो.

खाणीतून येते ती लगड, म्हणजे डोरे, सोनं-चांदीची मिसळ असते, वर थोडं तांबं, शिसं, लोखंड. ती थंड होताना आतली मिसळ सगळीकडे सारखी राहत नाही, म्हणून कोपरा छिद्रून काढलेल्या नमुन्यावर मी कधीच सही करत नाही. अख्खी लगड टाकणखार घालून वितळवायची, ढवळायची आणि पातळ रसातूनच नमुना घ्यायचा. त्याचे तीन भाग होतात: एक रिफायनरीचा, एक आमचा, तिसरा सीलबंद. दोन्ही टंचांत ठरल्यापेक्षा जास्त फरक आला, तर तो सीलबंद भाग पंच म्हणून ठरलेल्या प्रयोगशाळेकडे जातो. वीस किलोच्या लगडीत टंच ०.२ टक्क्याने चुकला तरी चाळीस ग्रॅम सोनं गेलं.

पुढे वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन वायू सोडतात. हिणकस धातू आणि चांदी क्लोराइड होऊन सुटतात आणि सोनं ९९.५ टक्क्यांच्या आसपास येतं. ९९.९९ हवं असेल तर पुढे विजेवर शुद्ध करतात. लंडनच्या बाजारात चालणाऱ्या गुड डिलिव्हरी बारला हजारात किमान ९९५ शुद्धता आणि ३५० ते ४३० ट्रॉय औंस वजन लागतं, पण शिक्का मात्र तिथल्या यादीतल्या रिफायनरीचाच हवा. त्या शिक्क्यामुळे खरेदीदार पुन्हा टंच काढत बसत नाही. आमच्या मुशीत ९९९ चं सोनं ओतलं तरी ते गुड डिलिव्हरी होत नाही. म्हणून खाणवाल्याला रिफायनरीशिवाय गत्यंतर नाही.

खाणवाले मात्र पहिला प्रश्न विचारतात, “रिफायनरीचा प्रति औंस चार्ज किती?” मी त्यांच्यासमोर कागदावर हिशेब मांडतो. वितळवल्यावर वीस किलो भरलेली लगड, ८५ टक्के सोनं, १२ टक्के चांदी. म्हणजे सतरा किलो सोनं, २.४ किलो चांदी. स्वस्त चार्जवाला ९९.५ टक्के सोन्याचे पैसे देतो, चांदीचे काहीच नाही. ८५ ग्रॅम सोनं आणि सगळी चांदी त्याच्या घरात. महाग वाटणारा सोन्यावर ९९.९ आणि चांदीवर ९८ टक्के देतो. त्याच्याकडे राहतं सतरा ग्रॅम सोनं आणि ४८ ग्रॅम चांदी. एवढा फरक चार्जातल्या बचतीतून सहसा भरून निघत नाही.

त्यात पारा किंवा आर्सेनिक निघालं तर दंड वेगळा, कधी माल परतही येतो. पैसे किती दिवसांनी आणि कोणत्या दिवसाच्या भावाने, हेही करारात लिहून घ्यावं लागतं. छोट्या खाणवाल्याचं डिझेल आणि मजुरी उधारीवर चालते. त्याला आठवडाभराचा उशीर चार्जाइतकाच झोंबतो.