लाईट बिलाचे दहा रुपये

बार्शीत एसटी स्टँडजवळ माझं मोबाईल रिचार्जचं छोटं दुकान आहे. मागच्या वर्षी एका सोमवारी काउंटरवर पाटी लावली : 'लाईट बिल भरणा, सेवाशुल्क १० रु.' तोवर फुकट भरायचो. समोरचा दुकानदार अजूनही फुकट भरतो. त्याचं पोट कव्हर आणि चार्जरवर चालतं.

रिचार्जला मी कधी जादा पैसे घेतले नाहीत. प्लॅनची किंमत सगळ्यांना पाठ असते, वर एक रुपया मागितला तरी भांडण. २९९ च्या रिचार्जवर मला अडीच टक्क्यांनी साडेसात रुपये सुटतात आणि काम मिनिटात होतं. लाईट बिलाचं तसं नाही. बारा आकडी ग्राहक क्रमांक टाका, चार आकडी बिलिंग युनिट टाका, नाव जुळतंय का बघा, चिल्लर मोजा, पावती छापा. चार मिनिटं जातात आणि आमच्या अ‍ॅपवर बिलामागे मिळतात दोन रुपये, मग बिल तीनशेचं असो की तीन हजारांचं. वॉलेटमध्ये बॅलन्स मात्र आधी आपल्या खिशातून भरावा लागतो.

पाटी लावली त्याच दिवशी अनेकांच्या बिलाची सवलतीची तारीख होती. दुपारपर्यंत अकरा जण आले. पाटी वाचून चार जण सरळ समोर गेले. मनातून मी हललोच होतो.

तेवढ्यात शिलाईकाम करणाऱ्या मावशी आल्या. बिल १,२४० रुपयांचं. पाटीकडे बघून म्हणाल्या, "कालपर्यंत फुकट होतं की रे. एका रात्रीत काय महागलं?" मागे रांग होती. म्हटलं, राहू द्या मावशी, तुमच्याकडून नको.

बिल टाकलं. वॉलेटमधून पैसे कापले गेले, पण हिरव्या खुणेऐवजी पिवळी पट्टी : PENDING. अशा वेळी हात आवरायचा असतो, हे मला चांगलं माहीत आहे. व्यवहार पुढे पोचलाय की अडकलाय, हे आपल्या स्क्रीनवरून कळत नाही. अडकला असेल तर पैसे वॉलेटमध्ये परत येतात, पोचला असेल तर उशिरा हिरवा होतो. गिऱ्हाईकाला व्यवहार क्रमांक लिहून द्यायचा आणि संध्याकाळी त्याच ग्राहक क्रमांकावर थकबाकी दिसते का ते बघायचं. पण मावशी म्हणत होत्या, "आज भरलं नाही तर सवलत जाईल माझी." मागून कुणीतरी "उरका की" म्हणालं. मी तेच बिल पुन्हा भरलं. या वेळी लगेच हिरवं झालं, पावती दिली, मावशी गेल्या.

रात्री हिशेब जुळवताना पिवळी पट्टीही हिरवी झालेली दिसली. म्हणजे १,२४० रुपये दोनदा गेले. अ‍ॅपच्या हेल्पलाइनचं उत्तर सरळ होतं : दोन्ही व्यवहार यशस्वी, परतावा मिळणार नाही. महावितरणकडे जादा गेलेली रक्कम ग्राहकाच्या खात्यात जमा राहते आणि पुढच्या बिलातून वळती होते. म्हणजे पैसे बुडाले नव्हते, फक्त माझे राहिले नव्हते. बिलामागे दोन रुपये धरले तर ती ६२० बिलांची कमाई. महिन्याला माझ्याकडे दीडशे-पावणेदोनशे बिलं येतात.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या घरी गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मी तर एकदाच दिले." चूक काहीच नव्हती त्यात. मी दोन पावत्या दाखवल्या, पण माझ्याच दुकानात छापलेल्या पावत्यांवर त्यांनी का विश्वास ठेवावा? "पुढचं बिल येऊ दे, मग बघू."

तो महिनाभर मी पाटी काढली नाही. आता दहा रुपये कशाचे, ते मला नीट सांगता येत होतं. पावतीवरचा व्यवहार क्रमांक वहीत उतरवायचा, रात्री प्रत्येक अडकलेलं बिल तपासायचं आणि ते परत आलं तर गिऱ्हाईकाला फोन करून दुसऱ्या दिवशी भरायचं. दोन रुपयांत हे कुणी करत नाही. फुकट भरणारा तर पावती देतानाच मोकळा होतो. समोर गेलेल्या चौघांपैकी दोघं परत आले. एकाचं बिल तिकडे अडकलं होतं आणि कुणी बघायला तयार नव्हतं. उरलेले दोघं आले नाहीत. रिचार्जही आता तिकडेच करतात, तो तोटा धरावाच लागतो.

पुढचं बिल आलं तशा मावशी कागद घेऊन हजर. महिन्याचा आकार १,११० रुपये, भरायची रक्कम वजा १३०. चष्मा वर करून त्यांनी ती वजाची रेघ दोनदा बघितली. मग पिशवीतून बिलासाठी बाजूला ठेवलेले १,११० काढून मोजले. "उरलेले एकशे तीस पुढच्या महिन्यात. चालंल?"

म्हटलं, चालंल.

पुढच्या महिन्यात बिल, एकशे तीस रुपये आणि वर दहाचं एक नाणं काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "हे या वेळचे. मागच्या वेळचे मागू नको, ते तूच नको म्हणाला होतास."