शोकसंदेशातल्या दोन ओळींसाठी चार दिवस : माझा अनुभव

आमच्या टीममधल्या एका मुलाचे वडील गेले त्याला आता दोन महिने होतील, पण ऑफिसच्या शोकसंदेशावरून तेव्हा जे झालं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

मंगळवारी सकाळी पावणेसातला त्याच्या मोठ्या भावाचा फोन आला. "मॅडम, बाबा गेले. तो बोलायच्या स्थितीत नाही, तुम्हाला कळवायला सांगितलं त्याने." मी एवढंच म्हटलं की ऑफिसचं काही डोक्यात आणू नका, त्याला लॅपटॉप उघडू देऊ नका. कसे गेले, काय झालं होतं, काही विचारलं नाही, सांगायचं असेल तर तेच सांगतात. मात्र ऑफिसात कुणाकुणाला सांगितलेलं चालेल हे तासाभराने मेसेज करून विचारलं, ते विचाराच, कारण सगळ्यांनाच आपल्या घरची बातमी अख्ख्या ऑफिसला कळलेली आवडते असं नाही. भाऊ म्हणाला सांगा, फक्त दोन-चार दिवस कोणी फोन करू नका.

माझी पहिली चूक लगेचच झाली. मी टीमच्या ग्रुपवर बातमी टाकली आणि पाच मिनिटांत आरआयपी आणि हात जोडलेले इमोजी यायला लागले, आणि त्या ग्रुपमध्ये तो स्वतः होता! तिकडे घरात माणसं जमलीत आणि याच्या खिशात फोन वाजतोय. लक्षात आल्यावर मी सगळ्यांना थांबवलं आणि त्याला सोडून वेगळा ग्रुप केला. तुम्ही आधीच तसा करा.

रजेचं काम पटकन झालं, कंपनीच्या नियमात घरच्या मृत्यूसाठी तीन दिवस आहेत, वरचे त्याच्या कॅज्युअलमधून घेतले. कायद्यात दुःखासाठी अशी वेगळी रजा नाहीच, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात वर्षाला आठ कॅज्युअल आहेत, त्यातूनच भागवावं लागतं, म्हणून शिल्लक किती आहे ते आपणच बघून ठेवायचं, त्याला विचारत बसायचं नाही.

अडकलं ते एचआरच्या शोकसंदेशात.

आमच्याकडे कुणाच्या घरी कोणी गेलं की पूर्ण विभागाला एक मेल जाते. मॅनेजरने पोर्टलवर फॉर्म भरायचा, नातं निवडायचं, नाव आणि तारीख टाकायची, मजकूर आपोआप येतो, इंग्रजीत आणि खाली मराठीत. मी भरलं, प्रिव्ह्यू उघडला. मराठीत होतं, 'ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व हे दुःख पेलण्याचे बळ ईश्वर कुटुंबीयांना देवो.' मला काहीच खटकलं नाही. आमच्याकडे असंच लिहितात, पेपरात असंच छापतात, मी सबमिट करायच्या बेतात होते.

तेवढ्यात माझ्या शेजारी बसणारी, नांदेडची आहे ती, स्क्रीनकडे बघून हळूच म्हणाली, "मॅम, हे असं नका पाठवू. त्याच्या घरून आलेली पत्रिका नीट बघितली का?"

भावाने सकाळीच पत्रिकेचा फोटो पाठवला होता. मी त्यातला वार आणि गाव तेवढं बघून बंद केला होता. आता परत उघडला. निळी चौकट, वर एका बाजूला बुद्ध आणि दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांचा फोटो, मधे 'कालकथित' आणि पुढे वडिलांचं नाव, खाली 'जलदान विधी व पुण्यानुमोदन कार्यक्रम', रविवारी सकाळी अकरा, गावातलं बुद्ध विहार. कुठेही कै. नाही, आत्मा नाही, ईश्वर नाही, श्रद्धांजली नाही, शेवटी 'भावपूर्ण आदरांजली'.

तिने समजावून सांगितलं. बौद्ध घरात ईश्वरही मानत नाहीत आणि आत्माही मानत नाहीत, त्यामुळे आत्म्याला शांती मिळो हे वाक्यच त्या घरात बसत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यात श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही हेही आहे. ती म्हणाली, "आमच्या बाबांच्या वेळी माझ्या ऑफिसातून अशीच मेल आली होती मॅम. आईला वाचून दाखवताना मी ती ओळ गाळली." मला फार वाईट वाटलं. तीन वर्षं माझ्या शेजारी बसते ती, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

मग मी एचआरला लिहिलं की मजकूर बदलायचाय. उत्तर आलं, मजकूर लॉक आहे, स्टँडर्ड आहे, सगळ्यांना हाच जातो. बदलायचा तर रिक्वेस्ट टाका, कारण लिहिणं बंधनकारक.

आणि इथे मी खरी अडकले. कारण काय लिहू? खरं कारण लिहायचं म्हणजे त्याचा धर्म तिकिटावर लिहायचा, जे तिकीट चार-पाच अनोळखी माणसं वाचणार आणि सिस्टीममध्ये कायमचं राहणार. त्याने ऑफिसात स्वतःहून हा विषय कधी काढलेला नव्हता. आपल्याकडे आडनाव ऐकून माणसं काय काय अंदाज लावतात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याचे वडील गेलेत त्याच आठवड्यात मी ते जाहीर करावं हे मला कुठल्याच परिस्थितीत मान्य नव्हतं. म्हणून मी कारणात लिहिलं 'वैयक्तिक'. रिजेक्ट, कारण अपुरं. मग लिहिलं 'कुटुंबाच्या पद्धतीप्रमाणे'. त्यावर विचारणा आली की कुटुंबाकडून तशी मेल जोडा. ज्या घरात काल माणूस गेलाय त्या घराकडे मी लेखी मागू? संतापाने माझा हात थरथरत होता, मी उत्तर टाइप केलं आणि पुसलं, परत टाइप केलं आणि परत पुसलं.

गुरुवारी सरळ तिसऱ्या मजल्यावर जाऊन एचआरमध्ये हे बघणाऱ्या मुलीच्या टेबलापाशी उभी राहिले. तशी ती वाईट नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. म्हणाली, "पण मॅम, यात चुकीचं काय आहे? सगळे असंच लिहितात ना." मी म्हटलं, आपल्या विभागाची यादी काढ, त्यात मुसलमान आहेत, ख्रिश्चन आहेत, बौद्ध आहेत, देव न मानणारे आहेत, हे वाक्य सगळ्यांच्या घरी सारखं बसेल का? ईश्वर आणि आत्म्याच्या दोन ओळी काढ, इंग्रजीतल्या पण, खाली फक्त 'आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत' ठेव, हे कुणालाही चालतं आणि कुणाचा धर्म सांगावा लागत नाही. तिला ते पटलं, पण तिच्या हातात नव्हतं, तिने वर पाठवलं. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला मंजुरी आली, 'या एका वेळेपुरती'. म्हणजे पुढच्या घरी कोणी गेलं की पुन्हा तेच! मी कायमच्या बदलाची रिक्वेस्ट टाकलीय, दर सोमवारी विचारते, अजून उघडी आहे.

टीमचा मेसेज मात्र आम्ही बुधवारीच पाठवला होता, एचआरसाठी थांबलो नाही. कंपनीची मेल आणि टीमचा मेसेज या दोन वेगळ्या गोष्टी धरा, टीमचा आधी जाऊ द्या. तो असा होता:

"बाबा गेल्याचं कळलं. आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटतंय. मागच्या हिवाळ्यात ते ऑफिसला आले होते, रिसेप्शनपाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात संत्रं ठेवत होते, ते आज प्रत्येकाने आठवून सांगितलं. बाबांना आम्हा सगळ्यांची आदरांजली. तुझं काम आम्ही वाटून घेतलंय, १८ तारखेचा रिलीज आम्ही करतोय, तुला कुणाचाही कामासाठी फोन येणार नाही. परत कधी यायचं ते तू ठरव. उत्तर द्यायची गरज नाही. रविवारी आमच्यातले तिघं येतोय." आणि खाली नऊ जणांची नावं.

हे लिहायला दीड तास लागला. पहिल्या मसुद्यात 'कधीही न भरून येणारी पोकळी' वगैरे होतं, ते वाचून एकालाही त्याचे बाबा आठवेनात, म्हणून काढलं. एकाने लिहिलं होतं 'वय झालं होतं, त्रासातून सुटले', तेही काढलं, ते घरचे म्हणू शकतात, आपण नाही. 'काही लागलं तर सांग' हे मी आधी लिहिलं होतं, पण अशा वेळी कोण काय सांगणार, त्याऐवजी आपण काय केलंय ते लिहिलं. आणि गेलेल्या माणसाची एक तरी खरी आठवण घाला, भेटला नसाल तर मुलगा त्यांच्याबद्दल काय सांगायचा ते आठवा. ते आले होते तेव्हा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पोट्टं टायमावर येते ना जी मॅडम?" हे मात्र मी मेसेजमध्ये घातलं नाही, भेटल्यावर सांगायचं ठेवलं.

शब्दांचं सांगायचं तर घरून आलेल्या निरोपात जे शब्द असतील तेच आपण घ्यायचे. कालकथित असेल तर कालकथित, वारकरी घरात वै. लिहितात, मुसलमान मित्राच्या घरच्या मराठी निरोपात मी पैगंबरवासी वाचलंय. कळत नसेल तर नुसतं 'तुझे बाबा' म्हणा.

रविवारी आम्ही मोर्शीजवळच्या त्याच्या गावाला गेलो, रात्रभर ट्रॅव्हल्सने. नांदेडवाली बरोबर होती म्हणून बरं झालं, पांढरे कपडे घाला हे तिनेच सांगितलं. विहारात त्रिशरण पंचशील झालं, आम्ही हात जोडून उभे राहिलो. नंतर एकेक जण उठून बाबांबद्दल चार शब्द बोलत होता, एसटीच्या डेपोतले त्यांचे जुने सोबती, शाळेतले एक सर. भावाने मलाही बोलावलं. मला भाषण येत नाही, मी फोन काढून आमचा मेसेज वाचला, आणि मग ते "टायमावर येते ना जी" पण सांगितलं. तेव्हा तो पहिल्यांदा रडला, तोपर्यंत नुसता खाली बघत बसला होता.

निघताना त्याच्या आईपाशी गेले. त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि संत्र्यांचं परत सांगायला लावलं, कुठे उभे होते, कुणाकुणाला दिली. मी सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "येवढे कायले नेता म्हनलं होतं मी त्यायले. दोन पिशव्या होत्या. रिकाम्या घेऊन आले."