सुरंगीच्या पत्रिकेची पार्श्वभूमी: तीन आठवड्यांची नोंद

मावसबहिणीचे लग्न वैशाखात आहे आणि पत्रिकेवर सुरंगी हवी, एवढीच तिची अट होती. वेंगुर्ल्याच्या बाजूला मार्चमध्ये सुरंगीचा बहर असतो, त्यामुळे फुलांसाठी बाहेरून चित्रे शोधण्याचा प्रश्न नव्हता. कार्डाचे माप ५ × ७ इंच ठरले. प्रति इंच ३०० पिक्सेल या हिशेबाने ते १५०० × २१०० पिक्सेल होते आणि कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्त ठेवावे लागतात. सर्व काम GIMP या चित्रे संपादित करण्याच्या प्रोग्रॅममध्ये केले आहे. मजकुराचा आराखडा आधी पक्का केला आणि मगच पार्श्वभूमीला हात घातला. अक्षरे नेमकी कुठे येणार हे ठाऊक नसताना फुले मांडली, तर पुढे दोन्ही हलवत बसावे लागते, हे मागच्या दोन पत्रिकांच्या वेळी शिकले होते.

पहिला आठवडा: पांढरे फूल आणि फिकट जमीन

फुले सकाळी पडवीत, सावलीतल्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून टिपली. सपाट स्कॅनर वापरून पाहिला होता, पण त्याच्या काचेवर सुरंगीचे केसर दबतात आणि फुलाचा गोलावा जातो. पांढऱ्या कागदावरचे चित्र थरात घ्यायचे झाले की आपण सवयीने त्याला `Multiply` हा खालच्या थरात मिसळण्याचा प्रकार देतो, कारण त्यात पांढरा भाग नाहीसा होतो आणि कापून काढण्याचे कष्ट वाचतात. मीही तेच केले आणि समोर फक्त पिवळे केसर आणि गडद पाने उरली. सुरंगीच्या पाकळ्या स्वतःच पांढऱ्या असल्यामुळे कागदाबरोबर त्याही जमिनीच्या रंगात विरून गेल्या. अबोली किंवा जास्वंदीला ही पद्धत चालते, परंतु सुरंगी, मोगरा, अनंत या फुलांना चालत नाही.

म्हणून प्रत्येक घोस मास्क करून, म्हणजे भोवतीचा भाग झाकून, वेगळा काढला आणि थर `Normal` ठेवला. तरीही पाकळ्या उठून दिसेनात, कारण खालची जमीन जवळजवळ तितकीच फिकट होती. इथे ग्रेडियंटचे, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणाऱ्या छटेचे, खरे काम माझ्या लक्षात आले. तोपर्यंत मी त्याच्याकडे केवळ शोभा म्हणून पाहत होते. पांढऱ्या फुलाला मागे थोडा गडद रंग हवा असतो आणि मजकुराला मागे फिकट व शांत रंग हवा असतो. फुले कोपऱ्यांत आणि मजकूर मध्यभागी असेल, तर मध्यातून कोपऱ्यांकडे हळूहळू गडद होत जाणारा एकच गोलाकार ग्रेडियंट दोन्ही गरजा भागवतो. मध्याला `#FBF3E7` हा सायीसारखा रंग घेतला आणि कोपऱ्यांना `#E9CDB8` हा पिकू लागलेल्या आंब्याच्या आतल्या बाजूसारखा रंग दिला. पाकळ्यांच्या कडा लगेच स्पष्ट झाल्या आणि छायेचा वेगळा थर टाकण्याची गरजच पडली नाही.

अशा सौम्य ग्रेडियंटची अडचण म्हणजे त्यात पट्टे दिसू लागतात. या दोन रंगांतील हिरव्या घटकात केवळ ३८ पायऱ्यांचा फरक आहे आणि मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे १२९० पिक्सेल आहे. म्हणजे एकेक पायरी जवळजवळ ३४ पिक्सेल रुंद होते, छापल्यावर सुमारे ३ मिलिमीटर, आणि ती डोळ्याला वलयासारखी दिसते. फाइल रंगाच्या अधिक बारीक पायऱ्या असलेल्या १६ बिटमध्ये उघडून ग्रेडियंटच्या पर्यायांतील, पायऱ्यांच्या सीमा विस्कटणारे `Dithering` चालू ठेवले, तेव्हा पडद्यावरचे पट्टे गेले. शेवटची प्रत ८ बिटचीच होणार असल्यामुळे वरून बारीक दाणा देणेही आवश्यक होते. त्याविषयी पुढे येईलच.

दुसरा आठवडा: जांभ्याचा पोत आणि नसलेला अनुस्वार

पोतासाठी आमच्या कुंपणाच्या जांभ्या दगडाचे छायाचित्र घेतले. हाताने केलेल्या कागदाचा पोत सगळ्याच पत्रिकांवर दिसतो. जांभ्याची छिद्रे मात्र पाहताक्षणी आपल्या मुलखाची वाटतात. छायाचित्रात एका बाजूला ऊन जास्त होते, म्हणून त्याचा रंग काढून `High Pass` फिल्टर लावला. त्यामुळे उजेडाचा मोठा चढउतार निघून जातो आणि मध्यम करड्या रंगावर फक्त बारकावे उरतात. हा थर `Soft light` मध्ये ठेवला की मधला करडा रंग खालच्या रंगाला हात लावत नाही आणि छिद्रे व उंचवटे तेवढे उमटतात. थराच्या अपारदर्शकतेचे प्रमाण ३० टक्के ठेवले. पडद्यावर ते सुंदर दिसत होते.

कच्ची प्रत खऱ्या मापात छापून मावशीच्या हाती दिली. तिने संध्याकाळी ओटीवर बसून ती वाचली आणि विचारले, "आजगांव असा जुन्या वळणान कित्याक लिवलंस?" मी ‘आजगाव’ असेच लिहिले होते. ‘गा’च्या शिरोरेषेवर जांभ्याचे एक गडद छिद्र नेमके अनुस्वाराच्या जागी आले होते. जुन्या शुद्धलेखनात ‘गांव’ लिहिण्याची रीत होतीच, त्यामुळे तिला ती चूक वाटली नाही. तिला ती माझी निवड वाटली.

मला वाटते, देवनागरीत पत्रिका करणाऱ्या प्रत्येकाने हा मुद्दा नीट समजून घ्यावा. ११ पॉइंटचे अक्षर या मापात सुमारे ४६ पिक्सेलचे होते आणि त्यावरचा अनुस्वार जेमतेम ५–६ पिक्सेलचा असतो. माझ्या पोतातील छिद्रेही तेवढीच होती. पोताचा दाणा अक्षराच्या एखाद्या अवयवाएवढा झाला की डोळा त्याला अक्षराचाच भाग समजतो. तो अनुस्वार ठरतो, ‘दि.’नंतरचे टिंब ठरतो आणि मुहूर्ताच्या आकड्यांत तर चूक ओळखायला संदर्भही उरत नाही. पोत फिका करून हे पूर्ण सुटत नाही. प्रमाण १२ टक्क्यांवर आणले, तेव्हा छिद्रे अंधूक झाली, पण बारीक ओळींत संशय राहिलाच आणि कडेचा जांभाही ओळखू येईनासा झाला.

उपाय दाण्याच्या मापात सापडला. मजकुराच्या भागात अक्षराच्या अवयवांएवढा कोणताही तपशील राहू द्यायचा नाही. त्याहून पुष्कळ मोठा किंवा पुष्कळ बारीक तपशील चालतो. जांभ्याच्या थराची एक प्रत घेऊन तिला `Gaussian Blur` दिला, आकडा २०. त्यात छिद्रे विरघळली आणि ओल धरलेल्या भिंतीसारखे मोठे मऊ डाग उरले. मास्कच्या साह्याने मध्यभागी ही प्रत दिसते आणि कडेने मूळ छिद्रांचा जांभा दिसतो. सगळ्यांत वर एक-दोन पिक्सेलचा रेतीसारखा दाणा अगदी कमी प्रमाणात दिला. तो फुलांवरूनही जात असल्यामुळे फुले चिकटवल्यासारखी दिसत नाहीत आणि ग्रेडियंटचे उरलेसुरले पट्टेही त्यात लपतात.

तिसरा आठवडा: अक्षराचा रंग आणि मधला पडदा

बहिणीला अक्षरे सोनेरी हवी होती. अक्षर आणि त्याखालची जमीन यांच्या उजळपणातील तफावतीचे गुणोत्तर काढून पाहिले. वेबपानांसाठीच्या सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या मजकुराला ३ सांगितले आहे. छापील कार्डाला तो नियम बंधनकारक नसला तरी तुलना करायला उपयोगी पडतो. `#C9A24B` या सोनेरी रंगाचे सायीच्या रंगावर जेमतेम २.२ भरले. गडद कुंकवाचा `#5A1A22` घेतल्यावर ते जवळजवळ १२ झाले. सोनेरी रंग वरच्या गणपतीच्या चित्रापुरता ठेवला आणि बहिणीने तो बदल आनंदाने मान्य केला.

या गुणोत्तराने मला एका ठिकाणी चकवले. वधूवरांच्या नावांच्या ओळीचे टोक सुरंगीच्या केसरांवर जात होते. केसरांचा रंग त्या सोनेरी रंगाच्याच जवळचा आहे. त्यावर कुंकवाच्या रंगाचे गुणोत्तर साडेपाचच्या आसपास येते, म्हणजे आकडा नियमात बसतो. तरीही अक्षरे वाचता येत नव्हती. केसर, त्यांच्यामधल्या सावल्या आणि पांढऱ्या पाकळ्या एकाच अक्षराच्या रुंदीत येत होत्या आणि त्या गर्दीत मात्रा हरवत होत्या. गुणोत्तर दोन सपाट रंगांमधले असते. खालची जमीन सतत बदलत असेल, तर त्यावरून वाचनाचा अंदाज येत नाही. त्यासाठी मजकुराचा भाग निवडून, अक्षरांचा थर लपवून, ८ बिटच्या प्रतीवर `Histogram` मधील `Std dev`, म्हणजे उजळपणात किती चढउतार आहे तो आकडा, पाहते. फुलांवर गेलेल्या त्या टोकाशी तो ४१ होता आणि मध्यभागी ५. माझ्या तीन पत्रिकांच्या अनुभवानुसार ८–१०च्या खाली असेल तर बारीक ओळीही सुखाने वाचता येतात.

फुले सगळीकडे सारखी फिकी करणे मला मान्य नव्हते. त्यात कोपऱ्यांचा जीव जातो. त्याऐवजी फुलांच्या वर आणि अक्षरांच्या खाली एक पडद्याचा थर घातला. त्याचा रंग ग्रेडियंटच्या मध्यासारखाच, `#FBF3E7`. शुद्ध पांढरा घेऊन पाहिला होता, पण तो धुके पडल्यासारखा वेगळा दिसतो. थराच्या मास्कवर मजकुराच्या ओळींच्या लांबीनुसार आकार रंगवला आणि मास्कलाच मोठा ब्लर दिला. ब्लर ४० ठेवल्यावर पडद्याची कड लेबल चिकटवल्यासारखी दिसत होती. १२० वर ती नाहीशी झाली. मात्र ब्लर दिल्यावर मूळ कडेपाशी पडद्याचा जोर निम्माच उरतो, म्हणून आकार अक्षरांच्या बराच बाहेरपर्यंत रंगवावा लागतो. पहिल्या वेळी मी तो अक्षरांच्या कडेलाच थांबवला होता आणि ओळींची टोकेच उघडी पडली होती.

पडद्याचे प्रमाण ८० टक्के आहे. पान त्याचे चांगले उदाहरण आहे. `#4F6B3A` या पानावर थेट कुंकवाची अक्षरे ठेवली तर गुणोत्तर २.२ येते, म्हणजे ती दिसतच नाहीत. पडद्याखाली तेच पान इतके उजळते की गुणोत्तर नऊच्या वर जाते, पण पानाची रेषा जाणवत राहते. आडव्या देठांना मात्र पडदाही पुरा पडला नाही. शिरोरेषेला समांतर जाणारा देठ अंधूक असला तरी दुसऱ्या शिरोरेषेसारखा दिसतो, म्हणून मजकुराजवळचे तीन देठ तिरपे फिरवले.

नावांसाठी आधी `Rozha One` निवडला होता. त्याच्या जाड व बारीक रेषांतला फरक सपाट जमिनीवर देखणा दिसतो, परंतु पोतावर बारीक रेषा तुटतात. तो फक्त ४० पॉइंटच्या नावांपुरता ठेवला आणि बाकीचा सर्व मजकूर `Mukta` मध्ये घेतला, ज्याच्या रेषा जवळपास एकाच जाडीच्या आहेत.

फोनवर पाठवण्याची प्रत वेगळी केली आहे. १०८० पिक्सेल रुंदीला आणताना आणि पाठवताना प्रतिमा दाबली जाते, तेव्हा रेतीचा दाणा अक्षरांच्या कडेला मळकट चौकडीसारखा साचतो. त्या प्रतीत दाणा निम्मा केला आणि ओळींमधले अंतर थोडे वाढवले.

काल छापखान्यातून खऱ्या कागदावरची नमुना प्रत आली. कागद कोटिंग नसलेला आहे, त्यात शाई थोडी पसरते. त्यामुळे कोपऱ्यांचा रंग संगणकाच्या पडद्यावर दिसत होता त्याहून गडद उतरला आहे आणि जांभ्याची छिद्रेही जरा ठळक झाली आहेत. मध्यभाग स्वच्छ आहे. कोपऱ्याचा रंग एक पायरी उजळ करून, कडेचा पोत ३० वरून २२ टक्क्यांवर आणून दुसरी नमुना प्रत सोमवारी मागवली आहे. ती मावशीला पुन्हा संध्याकाळच्याच उजेडात, ओटीवर वाचायला देणार आहे.