पहिल्या परदेश सहलीची जाहिरात आणि किमतीच्या ओळीवर गेलेले अकरा दिवस

बेळगावातील एका सहल कंपनीने मागच्या हिवाळ्यात मला एक काम दिले. पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्या मित्रांच्या गटांसाठी व्हिएतनामची पाच रात्रींची कमी खर्चाची सहल होती, आणि तिच्या पत्रकासाठी एक टॅगलाइन आणि खाली शंभरेक शब्दांचा मजकूर हवा होता. टॅगलाइन एका संध्याकाळीच सुचली: ‘पासपोर्टवरचा पहिला शिक्का, दोस्तांच्या सोबतीने’. कंपनीला आधी ‘स्वस्तात परदेश’ असे शब्द हवे होते. पण जो तरुण वर्षभर पगारातून पैसे बाजूला टाकतो, त्याच्या सहलीला आपण स्वस्त म्हणू नये, हे माझे म्हणणे त्यांनी लगेच मान्य केले.

काम अडले ते किमतीच्या ओळीवर, आणि तेथे अकरा दिवस गेले. कार्यालयाने ठरवलेली ओळ अशी होती: ‘फक्त ५४,९९९ रुपयांत सर्व काही’, पुढे एक तारांकित खूण आणि पत्रकाच्या तळाशी बारीक इंग्रजीत अटी. मी तो मसुदा खानापूरच्या माझ्या मित्राला वाचून दाखवला. तो आणि त्याचे चार सोबती अशाच सहलीच्या विचारात होते. त्याने विचारले, “हे पैसे बेळगावातनं धरायचे की मुंबईतनं? आणि आम्ही पाच जण हाय, पाचव्यानं एकट्यानं खोली घ्यायची काय?” दोन्ही प्रश्नांची उत्तरे मसुद्यात नव्हती.

मग मी कागदावर बेरीज मांडली. विमान मुंबईहून सुटणार होते, म्हणून बेळगाव ते मुंबई रात्रीच्या बसचे जाण्यायेण्याचे २,४०० रुपये. ई-व्हिसाचे शुल्क २५ डॉलर, म्हणजे सुमारे २,२०० रुपये, आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. पाच टक्के जीएसटी, म्हणजे २,७५० रुपये. सहलीत फक्त सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण होते, तेव्हा पाच दुपारच्या जेवणांचे साधारण ३,००० रुपये. एकूण आकडा ६५,३४९ रुपयांवर गेला. टीसीएस, म्हणजे सहलीचे पैसे घेतानाच कंपनी सरकारसाठी गोळा करते तो कर, त्यावर वेगळा. तो प्राप्तिकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण बुकिंगच्या दिवशी खिशातून द्यावाच लागतो. हौसेने हप्ते जुळवलेल्या मुलाला हा दहा हजारांचा फरक पैसे भरताना कळावा, हे मला सहन होण्यासारखे नव्हते.

कार्यालयात दर वेळी एकच उत्तर मिळे, की सगळेच असे छापतात. मसुदा दोनदा वर गेला आणि दोनदा तसाच परत आला. शेवटी मी २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांचा आधार घेतला. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली निघालेल्या या सूचनांनुसार, खुलासा मुख्य दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात असावा लागतो, आणि दाव्यातील महत्त्वाची माहिती खुलाशात लपवता येत नाही. म्हणजे मराठी दाव्याखाली इंग्रजी अटी छापणे मुळातच चुकीचे होते. तो परिच्छेद वाचल्यावर साहेबांनी मसुदा पुन्हा मागवला, आणि बाराव्या दिवशी हा मजकूर मंजूर झाला:

‘पासपोर्टवरचा पहिला शिक्का, दोस्तांच्या सोबतीने. व्हिएतनाम, पाच रात्री. मुंबई विमानतळापासून प्रत्येकी ५४,९९९ रुपये, दोघांत एक खोली. तिघे असाल तर त्याच खोलीत जादा पलंग मिळेल. यात विमान, मुक्काम, नाश्ता, रात्रीचे जेवण आणि मराठी बोलणारा सहल व्यवस्थापक आहे. व्हिसा, जीएसटी, टीसीएस, दुपारचे जेवण आणि मुंबईपर्यंतचा प्रवास वेगळा. बेळगावहून निघून परत येईपर्यंत टीसीएस सोडून साधारण ६५,५०० रुपये धरून चला. पासपोर्ट अजून काढला नसेल तर आधी फोन करा, मग तारीख ठरवू.’

शेवटचे वाक्य मी हट्टाने ठेवले. पहिल्यांदा जाणाऱ्यांत अनेकांकडे पासपोर्टच नसतो, आणि ज्यांच्याकडे असतो त्यांच्या पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने उरली आहे का, हे कोणी पाहत नाही. व्हिसाच्या अर्जातील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षराअक्षराने जुळावे लागते. आपल्याकडे वडिलांचे नाव कधी मधे, कधी शेवटी लिहिले जात असल्याने घोटाळा हमखास तेथे होतो, म्हणून फोनवर बोलतानाच पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागवायचा, असे मी कार्यालयाला लिहून दिले.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. कन्नड पत्रकासाठी माझ्या टॅगलाइनचे शब्दशः भाषांतर मी करू दिले नाही. ‘दोस्त’ या शब्दातील सलगी तिकडे दुसऱ्याच शब्दाने येते, म्हणून ती ओळ चिकोडीच्या एका कन्नडभाषक मैत्रिणीने स्वतंत्रपणे लिहिली, किमतीची ओळ मात्र दोन्ही पत्रकांत आकड्याला आकडा जुळवून घेतली. पत्रक निघाल्यावर खानापूरच्या मित्राने तीन आणि दोन अशा दोन खोल्या मागितल्या आणि बसचे भाडे तेवढे पुन्हा विचारले.